दाराची दुसरी चावी

कोथरूडमधलं एक टू बीएचके घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू. तिसरा मजला, पुढे छोटी बाल्कनी, बाल्कनीत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. भाडेकरू तिशीतली, नोकरी करणारी, एकटी राहणारी. घरमालक निवृत्त, शेजारच्याच इमारतीत मुक्कामाला. ती त्यांना काका म्हणते, ते तिला 'अगं' म्हणून हाक मारतात. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा होतं. दिवाळीत फराळाचं ताट येतं आणि रिकामं ताट परत जात नाही.

जूनमधल्या एका संध्याकाळी ती ऑफिसमधून घरी आली, तर दोरीवरचे कपडे सोफ्यावर नीट घड्या घालून ठेवलेले. दुपारी जोराची सर आली होती. काकांना समोरून भिजणारे कपडे दिसले, त्यांनी आपल्याकडची चावी घेतली, दार उघडलं, कपडे आत घेतले आणि दार ओढून घेतलं. त्यांच्या मते त्यांनी शेजारधर्म पाळला होता. तिला मात्र रात्री झोप लागेना. घड्यांमध्ये तिचे आतले कपडेही होते.

महिन्याभराने रविवारी सकाळी ती अंघोळीला गेलेली असताना लॅच फिरल्याचा आवाज आला आणि बाहेरून काकांचा आवाज, "अगं, प्लंबर आणलाय, तू चालू दे तुझं." त्यानंतर जुलैच्या शेवटी एका बुधवारी ती घरूनच काम करत होती, कॅमेरा चालू ठेवून मीटिंगमध्ये होती. पाठीमागून चौघं जण हॉलमध्ये आले. घर विकायचं मनात होतं, म्हणून काका गिऱ्हाईक घेऊन आले होते. त्या चौघांतल्या एकाने तिच्या स्वयंपाकघरातलं कपाट उघडून पाहिलं.

त्या रात्री ती पत्र लिहायला बसली. पहिला मसुदा रागाने भरलेला होता आणि त्यातली मुख्य मागणी एकच होती, तुमच्याकडची चावी मला परत द्या. हा मसुदा तिने पाठवला असता, तर वाद नक्कीच चिघळला असता. कारण महाराष्ट्रात घरमालकाच्या खिशातल्या त्या दुसऱ्या चावीला एक जुना इतिहास आहे आणि तो माहीत नसलेला भाडेकरू नेमका चुकीच्या जागी बोट ठेवतो.

पुण्या-मुंबईत आज घर भाड्याने घेताना जो कागद होतो, तो बहुतेक वेळा भाडेपट्ट्याचा नसतो, लीव्ह अँड लायसन्सचा असतो. फरक नुसत्या नावाचा नाही. भाडेपट्ट्यात जागेतला एक हक्कच भाडेकरूकडे जातो. लायसन्समध्ये मालक फक्त वापरायची परवानगी देतो आणि कायद्याच्या नजरेतला ताबा स्वतःकडेच ठेवतो. हा आडवळणाचा मार्ग लोकप्रिय झाला तो भीतीपोटी. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं, म्हणून मालक भाडेपट्ट्याऐवजी लायसन्स लिहून देऊ लागले. मग त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे चालू लायसन्सवर जागेत राहत होते, ते संरक्षित भाडेकरू मानले गेले. परवानगीने आत आलेला माणूस एका तारखेला कायमचा आत राहिला, ही आठवण मुंबईतल्या मालकांच्या कित्येक घरांत अजून पुसली गेलेली नाही. अकरा महिन्यांच्या कराराचा आग्रह आणि करार संपताच नवा कागद करण्याची घाई यांच्यामागे ही भीती मोठ्या प्रमाणात आहे.

चावीचा संबंध इथेच येतो. लायसन्स की भाडेपट्टा हे ठरवताना न्यायालयं कागदाच्या मथळ्यावर विसंबत नाहीत, जागेचा एकट्याने ताबा कोणाकडे होता हेही पाहतात. १९५९ सालच्या एका गाजलेल्या प्रकरणात दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या दोन खोल्यांत केशभूषेचा व्यवसाय चालवणाऱ्या गृहस्थांचा कागद 'लायसन्स' म्हणत होता, तरी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला. तेव्हापासून सावध वकील मालकाला सांगत आले की एक चावी तुमच्याकडे ठेवा आणि तसं करारात लिहूनही ठेवा. ती चावी म्हणजे 'ताबा माझाच आहे' हे दाखवायचा पुरावा. आज १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची वेगळी, जलद तरतूद आहे आणि लेखी करार हाच त्यात निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे त्या चावीची कायदेशीर गरज पुष्कळ कमी झाली आहे. पण सवय कायद्याच्या मागून येते, बऱ्याचदा फार मागून.

त्यामुळे चावी परत मागणाऱ्या पत्राचा मालकाच्या मनात उमटणारा अर्थ असा असतो की ही बाई घर बळकावणार. तिला तर फक्त निवांत अंघोळ करायची असते.

आता दुसऱ्या बाजूची समजूतही तपासायला हवी. 'घर माझं आहे, मी केव्हाही येईन' हे वाक्य मालक इतक्या सहजपणे बोलतात, की ते कुठल्या तरी कायद्यातच असावं असं वाटतं. ते कुठल्याच कायद्यात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २८व्या कलमात एका वाक्यात सांगितलं आहे की भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेली जागा पाहण्याचा मालकाला हक्क आहे, मात्र वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊनच. कलम छोटं आहे, पण त्यात लायसन्सचा उल्लेख स्पष्ट आहे, ही मोलाची गोष्ट. 'तू भाडेकरू नाहीस, नुसती लायसन्सी आहेस' हा युक्तिवाद इथे उपयोगी पडत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही भाडेपट्ट्यापुरतं तेच संतुलन आहे. मालकाला वाजवी वेळी आत येऊन जागेची अवस्था पाहू द्यावी हे भाडेकरूचं कर्तव्य, आणि भाडं वेळेवर देणाऱ्याला व्यत्ययाशिवाय जागा उपभोगू देणं ही मालकाची हमी.

इतकंच कशाला, ज्या करारावर काकांनी स्वतः अंगठा टेकवला, त्यातही बहुधा हेच लिहिलेलं असतं. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन नमुन्यात पाहणीचं एक कलम येतं. वाजवी सूचना देऊन मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला वाजवी कालांतराने जागा पाहता येईल, असा त्याचा आशय. पण हा करार होतो कसा ते आठवा. एजंट संध्याकाळी लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. मालकाचा अंगठा सुकलेला असल्यामुळे यंत्र तो तीन वेळा नाकारतं, कोणीतरी ओला रुमाल आणतं, चहा होतो. भाडं किती, डिपॉझिट किती, मुदत केव्हापासून एवढे तीन आकडे दोन्ही पक्ष डोळ्यांत तेल घालून तपासतात. बाकीची पानं कोणी उलटत नाही. पत्र लिहायच्या आधी त्या पीडीएफमधलं पाहणीचं कलम शोधणं हे भाडेकरूचं पहिलं काम. तिने ते शोधलं, तेव्हा तिच्या पत्राचं रूपच पालटलं. जे काकांनी आधीच मान्य केलं होतं, त्याचीच आठवण आता करून द्यायची होती.

(करारच केलेला नसेल तर? कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असण्याची जबाबदारी मालकावर आहे. तसा नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीचे हजार-दोन हजार रुपये वाचवणाऱ्या मालकांना ही ओळ कोणीतरी वाचून दाखवायला हवी.)

कायद्यात एक फट मात्र आहे. 'आधी सूचना' म्हणजे किती आधी? दारात उभं राहून बेल वाजवणं ही सूचना झाली का? जिन्यातून केलेला फोन? 'वाजवी वेळ' म्हणजे कोणती? राज्याचा कायदा हे आकड्यांत सांगत नाही. केंद्राने २०२१ साली राज्यांसमोर ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात ते सांगितलं आहे. आत यायच्या किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, तीत दिवस, वेळ आणि कारण, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, आणि आग, पूर यांसारख्या आपत्तीचा अपवाद. पण हा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केला तरच तो त्या राज्यात लागू होतो, आणि महाराष्ट्रातले व्यवहार १९९९च्या कायद्यावर चालतात. म्हणून त्या नमुन्याचा पत्रात उपयोग करायचा तो धमकी म्हणून नव्हे, माप म्हणून. तेच माप इंग्लंडमध्ये आणि कॅलिफोर्नियातही आहे. तिकडे चार-पाच वर्षं राहून परतलेल्या मराठी मंडळींना २४ तासांची सूचना इतकी अंगवळणी पडलेली असते, की इथे लॅच फिरल्यावर त्यांना बसणारा धक्का जरा जास्तच मोठा असतो.

कायदा जिथे गप्प आहे तिथे दोघांनी बसून आकडे ठरवायचे, हेच या पत्राचं खरं काम. तिने दुसऱ्या मसुद्यात ते कसं केलं ते पाहू.

'प्रिय काका, सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑगस्टपासून मी आपल्या घरात राहते आहे. गळतीपासून गॅसच्या जोडणीपर्यंत प्रत्येक वेळी आपण तातडीने लक्ष घातलंत, याची मला जाणीव आहे. एका अडचणीबद्दल तोंडी बोलताना मला संकोच वाटला, म्हणून लिहिते आहे.

१२ जूनला दुपारी मी ऑफिसमध्ये असताना आपण कपडे आत घेण्यासाठी घर उघडलंत. ६ जुलैला सकाळी साडेनऊच्या सुमारास मी अंघोळ करत असताना आपण प्लंबरसह आत आलात. २३ जुलैला दुपारी बारा वाजता मी कामाच्या मीटिंगमध्ये असताना आपण चार जणांना घर दाखवायला आणलंत. तिन्ही वेळा मला आधी कल्पना नव्हती. आपला हेतू वाईट नव्हता, हे मी जाणते. पण दार केव्हाही उघडू शकतं या विचाराने मला घरात मोकळेपणाने वावरता येत नाही. घरात ऑफिसचा लॅपटॉप आणि कागदपत्रं असतात, त्यांचीही जबाबदारी माझ्यावर आहे.

आपल्या करारातल्या पाहणीच्या कलमात वाजवी सूचना देऊन येण्याचं ठरलेलं आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ही तेच सांगतं. सूचना म्हणजे नेमकं काय, एवढं आपण दोघांनी ठरवून घ्यावं अशी माझी विनंती आहे. माझ्या मनातली पद्धत अशी.

यायचं असेल त्याच्या किमान २४ तास आधी आपण मला व्हॉट्सॲपवर दिवस, वेळ, काम आणि बरोबर कोण येणार हे कळवावं. मी त्याच दिवशी उत्तर देईन. ती वेळ मला जमणारी नसेल, तर पुढच्या दोन दिवसांतली दुसरी वेळ मी स्वतः सुचवीन. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७ या दरम्यानची असावी. मी शक्यतो घरी थांबेन. मला थांबता येणार नसेल आणि काम अडणार असेल, तर "माझ्या मागे उघडा" असं मी लिहून कळवीन.

गिऱ्हाईकांना घर दाखवायचं असेल, तर शनिवारी सकाळी ११ ते १ हा वेळ मी दर आठवड्याला मोकळा ठेवते. त्यासाठीही आदल्या दिवशी कळवावं.

पाण्याची मोठी गळती, गॅसचा वास, आग, शॉर्टसर्किट असं काही झालं तर माझ्या उत्तराची वाट पाहू नये. मला फोन करावा, मी उचलला नाही तरी दार उघडावं, आणि नंतर काय झालं ते कळवावं.

आपल्याकडची चावी आपल्याकडेच राहू द्यावी. ती पाकिटात घालून पाकीट बंद करावं आणि त्यावर आपण दोघांनी सही करावी, एवढंच सुचवते.

हे आपल्याला पटत असेल, तर खाली सही करून एक प्रत मला द्यावी. काही बदलावंसं वाटलं तर जरूर सांगावं. रविवारी संध्याकाळी मी घरी आहे, चहाला यावं.'

या पत्रातलं बळ कुठे आहे? सर्वांत आधी तारखांमध्ये. 'तुम्ही सारखे येता' या वाक्याला 'कुठे सारखा आलो?' हे उत्तर तयारच असतं. १२ जून, ६ जुलै, २३ जुलै यांना ते देता येत नाही. प्रत्येक तारखेला एकच वाक्य आहे आणि त्यात विशेषण नाही. 'घुसलात', 'आगाऊपणा', 'लाज' यांतला एकही शब्द आला असता, तर काकांनी पत्रातला तेवढाच शब्द लक्षात ठेवला असता आणि सोसायटीच्या बाकावर वाचून दाखवला असता. तारखा आठवत नसतील तर? व्हॉट्सॲपवरचे त्या दिवशीचे निरोप, मीटिंगची नोंद, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत प्लंबरची एंट्री, यांतून बहुतेक सापडतात.

दुसरं, तिने उत्तराचं ओझं स्वतःकडेही घेतलं आहे. मालकांची खरी तक्रार अनेकदा हीच असते की 'विचारलं तर चार दिवस रिप्लाय नाही, मग प्लंबर निघून जातो.' आणि प्लंबर मिळणं हा विषय काय असतो, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. 'नाही' म्हणायचं असेल तर दोन दिवसांत दुसरी वेळ मीच देईन, या एका वाक्याने त्या तक्रारीतली हवा निघून जाते. सूचना पाठवली आणि निळ्या खुणा दिसल्या म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ मात्र काढला जाऊ नये. पत्रात ते सरळ लिहिलेलं नसलं, तरी 'मी उत्तर देईन' हे वाक्य पुढे तसं म्हणायला जागा ठेवतं. अधिक पक्कं हवं असेल, तर 'उत्तर आल्यावरच वेळ ठरली असं समजू' ही ओळ घालावी.

आपत्तीचा परिच्छेद वगळणं ही अशा पत्रांत नेहमी दिसणारी चूक. 'माझ्या परवानगीशिवाय कधीही येऊ नका' असं लिहिणाऱ्या भाडेकरूच्या घरात कपडे धुण्याच्या यंत्राचा पाइप सुटला आणि पाणी खालच्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगमधून टपकू लागलं, तर तेच पत्र तिच्यावर उलटतं. आपत्ती म्हणजे काय ते चार नावांनी सांगावं. 'तातडीचं काम' असा मोघम शब्द ठेवला, तर भिजणारे कपडेही त्यात बसतात.

घर दाखवण्याचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. पाहणी आणि दुरुस्ती यांचा घराच्या देखभालीशी संबंध आहे, त्यांना भाडेकरूने आडकाठी करू नये. गिऱ्हाईक आणणं ही मालकाची सोय आहे, आणि कलम २८ पाहणीबद्दल बोलतं, अनोळखी माणसांच्या वरातीबद्दल नाही. तरी घर विकणं किंवा पुढचा भाडेकरू शोधणं ही मालकाची खरी गरज आहे, आणि तिला पूर्ण नकार दिला तर डिपॉझिट परत मिळायच्या वेळी त्याची आठवण निघते. आठवड्याचा एक ठरलेला तास देणं हा यातला शहाणा तोडगा. त्या तासात भाडेकरूने स्वतः घरी थांबावं आणि दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप कुलपात ठेवावेत. कपाटं उघडू देऊ नयेत. भिंतीतलं कपाट मालकाचं असलं तरी आतलं सामान तिचं आहे.

पाकिटाची कल्पना साधी आहे, पण ती सगळ्यांत आधी सुचायला हवी. चावी काकांकडेच राहिली, म्हणून त्यांच्या वकिलाने सांगितलेला मुद्दा शाबूत राहतो. ती बंद पाकिटात आहे, म्हणून उघडल्याची खूण उरते. याउलट न सांगता कुलूपच बदलून टाकणं हा बहुतेकांना सुचणारा उपाय पत्रापेक्षा सोपा वाटतो, पण कराराच्या दृष्टीने तो भाडेकरूला अडचणीत आणू शकतो. ती गावाला गेलेली असताना नळ फुटला आणि दार तोडावं लागलं, तर खर्च कोणाचा, हा वाद वेगळाच. स्वतः घरात असताना आतून कडी लावण्याला मात्र कोणाची हरकत असू शकत नाही. ६ जुलैची सकाळ पाच रुपयांच्या कडीने वाचली असती, असं म्हणता येईल, पण कडी प्रश्न सोडवत नाही, फक्त लॅच फिरल्यावर दचकायचं कमी करते.

पत्र द्यायचं कसं? दोन प्रती काढाव्यात, हातात द्यावं, आणि आपल्या प्रतीवर 'पोचलं' असं लिहून सही-तारीख घ्यावी. सही मागणं अवघड वाटत असेल, तर त्याच संध्याकाळी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर 'काका, सकाळी दिलेलं पत्र' असं लिहून पाठवावा. त्याला आलेलं 'ओके'ही पुरतं. मूळ चॅट पुसू नये, फोन बदलताना ती सोबत न्यावी. वेळ आलीच, तर नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोनमधल्या संभाषणाला वजन असतं.

आणि काकांनी ऐकलंच नाही तर? इथे भाडेकरूने आपल्या हातातली हत्यारं किती धारदार आहेत, ते नीट ओळखायला हवं. पोलिसांत जाण्याचा सल्ला मित्रमंडळी हमखास देतात. गृह-अतिक्रमण हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९मध्ये आहे आणि मालकही त्यातून आपोआप सुटत नाही, कारण कायदा पाहतो तो जागेत राहणाऱ्याच्या ताब्याकडे. पण त्यासाठी आत येणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा असावा लागतो. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या काकांबाबत ठाणे अंमलदार 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून वही मिटणार, हे जवळजवळ ठरलेलं. मात्र लेखी हरकत हातात पडल्यावरही माणूस चावी फिरवत राहिला, तर हेतूबद्दलचं चित्र बदलतं. म्हणजे पहिलं सभ्य पत्र हेच पुढच्या कुठल्याही तक्रारीचा पाया असतं. आणि येणारा काका नसून रात्री-अपरात्री येणारा, लपून फोटो काढणारा कोणी असेल, तर पत्र लिहीत बसू नये, सरळ ११२ला फोन करावा.

मधल्या पायऱ्या आहेत. दुसरं पत्र वकिलामार्फत नोटीस म्हणून जाऊ शकतं. दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो, पण अकरा महिन्यांच्या कराराला तो बऱ्याचदा उशिराच पोचतो. सोसायटीच्या अध्यक्षांना यात काही अधिकार नाही, पण ते काकांचे ब्रिजमधले भिडू असतील तर त्यांचा शब्द न्यायालयापेक्षा लवकर पोचतो. उरतो घर सोडण्याचा मार्ग. त्यासाठी करारातला लॉक-इन संपला आहे का आणि नोटीस किती दिवसांची आहे, हे पाहावं. लॉक-इन चालू असेल, तर पाहणीच्या अटीचा भंग मालकाकडून आधी झाला, हे दाखवायला त्या तीन तारखा पुन्हा कामाला येतात. शिवाय करार नव्याने करायची वेळ आली की पाहणीच्या कलमात '२४ तास, लेखी, १० ते ७' एवढे शब्द घालायला एजंटला आधीच सांगावं. अंगठा टेकवून झाल्यावर तो काही बदलत नाही.

आपल्या उदाहरणातल्या काकांनी पत्र दोन दिवस घरात ठेवलं, असं समजू. पहिल्या दिवशी ते रागावले, "आम्ही काय परके?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने पत्र वाचलं आणि १२ जूनच्या ओळीपाशी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. रविवारी चहाला दोघं आली. काकांनी सोबत लाल पेन आणलं होतं. २४ तास त्यांना मान्य होते. शनिवारची वेळ त्यांनी खोडून ४ ते ६ केली, कारण सकाळी गिऱ्हाईकं येत नाहीत. प्लंबरसाठी आदल्या रात्रीचा निरोपही चालावा, अशी त्यांची मागणी होती. तिने 'रात्री ९च्या आत आला तर' असं लिहून ती मान्य केली. पाकिटाला त्यांनी घरातला जुना लग्नपत्रिकेचा लिफाफा वापरला. सह्या झाल्या.

मग समासात त्यांनी एक प्रश्न लिहिला, 'पाऊस आला आणि कपडे बाहेर असले तर?'

तिने थोडा विचार केला आणि खाली लिहिलं, 'फोन करा. मी भिजू देईन.' पुढच्या आठवड्यात नायलॉनची दोरी बाल्कनीतून निघाली आणि आतल्या खोलीत छताला कप्पीचा स्टँड लागला. भोकं पाडायची परवानगी तिने आदल्या दिवशी लेखी मागितली होती.